छिद्र वजा करायचं ते दोन्हीकडून

छिद्र असलेल्या T आकाराच्या छेदाचा सेंट्रॉइड, म्हणजे क्षेत्रफळाचा मध्यबिंदू, काढताना तुझं उत्तर ७०.५ मिमी आलंय ना? चूक कुठे झाली ते आकडेमोडीआधीच ओळखता येतं.

वर १२०×२० मिमीचा फ्लँज, खाली ४०×१०० चा वेब. अंतरं तळापासून मोज. फ्लँज २४००, मध्य ११० वर. वेब ४०००, मध्य ५० वर. प्रत्येकाचा मोमेंट म्हणजे क्षेत्रफळ × मध्याचं अंतर. छिद्र नसताना सेंट्रॉइड म्हणजे मोमेंटची बेरीज भागिले एकूण क्षेत्रफळ: ४,६४,००० ÷ ६४०० = ७२.५ मिमी.

आता वेबमध्ये तळापासून ४० मिमीवर मध्य असलेलं २० मिमी व्यासाचं छिद्र. खालचा भाग गेला, म्हणजे सेंट्रॉइड वरच सरकणार. तुझा खाली गेला, कारण छिद्राचा मोमेंट तू वजा केलास, पण क्षेत्रफळ ६४०० च ठेवलंस. छिद्राचं क्षेत्रफळ ३१४.१६ (त्रिज्या १० घे, व्यास नव्हे), मोमेंट १२,५६६. म्हणून ४,५१,४३४ ÷ ६०८५.८४ = ७४.१८ मिमी.

उलटी चूक जास्त फसवी. फक्त क्षेत्रफळ वजा केलं तर ७६.२४ येतं, दिशा बरोबर असल्याने शंका येत नाही. तेव्हा सरकणं वेगळं काढून बघ: ३१४.१६ × (७२.५ − ४०) ÷ ६०८५.८४ = १.६८. ते ७२.५ मध्ये मिळवलं की ७४.१८ च यायला हवं.

आणि वजाचं चिन्ह क्षेत्रफळाला लावायचं, ४० या अंतराला नाही. दोघांनाही लावलंस तर गुणाकार पुन्हा धन होतो.