हॉलसाठी अर्ज लिहितोयस ना, मग हे वाच

अरे, सोसायटीच्या हॉलमध्ये रोज हरिपाठ करायची परवानगी मागणाऱ्या अर्जाचा तुझा ड्राफ्ट वाचला. भावना छान आहेत, पण पहिलं पान सगळं प्रार्थनेचं महत्त्व सांगण्यातच गेलंय, आणि कमिटीला ते पटवायची गरजच नसते. इंदिरानगरला आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी होतो तेव्हा असा अर्ज आला की आम्ही आधी एवढंच बघायचो, किती वाजता, किती जण, आवाज किती आणि हॉलची चावी कोणाकडे.

तर विषयाच्या ओळीतच लिही, "कॉमन हॉलमध्ये रोज सायंकाळी 6.30 ते 7.15 सामूहिक हरिपाठासाठी तीन महिन्यांची परवानगी मिळणेबाबत". कायमची मागू नकोस. कायम म्हटलं की कमिटी बिचकते, विषय जनरल बॉडीवर ढकलते आणि मग तू पुढच्या सभेपर्यंत बसतोस वाट बघत. तीन महिन्यांनी तक्रार नसेल तर वाढवून मागता येते.

खरी अडचण आवाजाची. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, पण सोसायटीत मीटर कोण लावतो, हॉलच्या वरच्या फ्लॅटमध्ये दहावीचा मुलगा अभ्यासाला बसलेला असतो तोच मीटर. म्हणून स्पष्ट लिही की माईक-स्पीकर नाही, टाळ फक्त एकादशीला, दार-खिडक्या बंद ठेवू. आणि अर्ज देण्याआधी त्या घरी स्वतः जाऊन विचार, ते हो म्हणाले तर त्यांची सही सगळ्यात वर घे (ही एक सही बाकी वीस सह्यांपेक्षा भारी पडते).

सह्या घेताना फ्लॅट नंबर लिही आणि मेंबर कोण, भाडेकरू कोण हे वेगळं दाखव, कारण सोसायटीत मत मेंबरचं धरतात. भाडेकरूंच्या सह्या खाली वेगळ्या घे, पण घे नक्की, यायला तेच जास्त असतात बघ.

हॉल कोणी बारशाला, हळदीला किंवा दहाव्याच्या जेवणाला बुक केला तर आम्ही त्या दिवशी टेरेसवर बसू किंवा सुट्टी घेऊ, हे आपणहून लिही. बुकिंगचे पैसे सोसायटीला मिळतात, त्यात आडवं आलास तर खजिनदार पहिला विरोध करेल. लाईट-पंख्याचं बिल आम्ही देऊ, झाडून चावी वॉचमनकडे देऊ, आणि जबाबदार म्हणून दोन नावं मोबाईल नंबरसकट टाक.

एक वाक्य अजून, यायला कोणालाही मोकळीक, आणि दुसऱ्या कोणाला आपली प्रार्थना करायची असेल तर त्यांनाही याच अटींवर हॉल मिळायला आमची हरकत नाही. हे खरंच मान्य असेल तरच लिही हां, नाहीतर मीटिंगमध्ये कोणी विचारलं की तोंड बघत बसशील.

अर्ज दोन प्रतींत दे, एकीवर पोच घे, मंजूर झाला की ठरावाची प्रत माग. नुसतं व्हॉट्सॲपवर "चालेल" म्हणाले तर त्यावर विसंबून बसू नकोस, कमिटी बदलली की ते "चालेल" कोणालाच आठवत नाही.

दुरुस्त केलेला ड्राफ्ट रविवारी पाठव, एका पानात बसव.