सरावाच्या डायरीत लिहायला चिकाटीची वचने: कोणते वचन कोणत्या दिवशी

प्रश्न: जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी १६ आठवड्यांचा सराव सुरू करतेय. पहिलीच पूर्ण मॅरेथॉन, लक्ष्य साडेचार तास. डायरीत रोज लिहायला चिकाटीवरची वचने हवी आहेत. 'हार मानू नका' छापाची नकोत, कामाला येतील अशी सांगा.

उत्तर:

रोज नवे वचन शोधू नका. पाच-सहा ओळी १६ आठवड्यांना पुरतात. ओळ निवडताना एकच कसोटी लावा: ही वाचून आज मी वेगळे काय करणार? उत्तर येत नसेल तर ती भिंतीवर लावायला ठीक, डायरीत जागा अडवते. आणि प्रत्येक ओळीशेजारी एक आकडा लिहा, नाहीतर महिन्याभरात ओळ नुसती उतरवली जाते.

सुरुवात तुकोबांच्या एकाच अभंगापासून करता येईल. 'ओले मूळ भेदी खडकाचे अंग । अभ्यासासी सांग कार्यसिद्धी' हे बहुतेकांना पाठ असते. त्यातच पुढे येते: 'दोरे चिरा कापे पडिला काचणी । अभ्यासे सेवनी विष पडे'. या तीन प्रतिमांमधून तीन वेगवेगळी कामे निघतात.

'दोरे चिरा कापे' ही ओळ आठवड्यातल्या साध्या, संथ धावांसाठी. विहिरीच्या दगडी काठावर दोराची खाच पडते ती रोजच्या घासण्याने. एकदा जोर लावून ओढले तर दोर तुटतो, दगड तसाच राहतो. साडेचार तासांसाठी शर्यतीचा वेग किलोमीटरला ६ मिनिटे २४ सेकंद येतो. तुमच्या संथ धावा त्याहून हळू, म्हणजे ७ ते साडेसातच्या आसपास असायला हव्यात. पहिले काही आठवडे ऑक्टोबरच्या उकाड्यात जातील. तेव्हा घड्याळाकडे न बघता धावताना पूर्ण वाक्य बोलता येते का ते बघा. शेजारी लिहायचा आकडा: या आठवड्यात किती दिवस धावले. चार ठरले होते आणि चार झाले, तर वेग काहीही असो, आठवडा जमला.

याच ओळीला दुसरी बाजूही आहे, ती डायरीत लाल शाईने लिहा. लहान ताण पुन्हा पुन्हा पडला की दगड कापला जातो, तसे हाडही. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडा जातो तो असाच. साधी दुखरी पोटरी पसरट दुखते आणि धाव सुरू झाल्यावर मोकळी होते. तड्याचे दुखणे बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एका जागी असते, धावताना वाढत जाते, त्या पायावर उडी मारली की कळ येते, पुढे पुढे रात्रीही ठणकते. अशा दिवशी चिकाटीचे कोणतेही वचन वाचू नका. 'अति तेथे माती' एवढेच लिहा, धावणे थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वेळेत थांबले नाही तर सहसा आठवड्यांची नव्हे, महिन्यांची विश्रांती घ्यावी लागते.

'ओले मूळ' ही रविवारच्या लांब धावेची ओळ. खडक फोडणारे मूळ ओले आहे, हा शब्द वाचताना निसटतो. वाळलेले मूळ काही फोडत नाही. समजा सहाव्या आठवड्यात २२ किमी आहेत. नोंद अशी दिसावी:

> रविवार. २२ किमी, २ तास ४३ मि. कष्ट १० पैकी ५. आदल्या रात्री झोप ७ तास. वजन आधी ६०, नंतर ५९.२.

वेळेची मिनिटे गुणिले कष्ट, म्हणजे १६३ × ५ = ८१५, हा त्या दिवसाचा भार. हीच धाव कोणाच्या तरी मागे लागून कष्ट ८ ने केली तर वेळ थोडा कमी लागूनही भार हजाराच्या वर जातो आणि मंगळवारची धाव बुडते. असा भार दर आठवड्याला थोडा वाढावा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम खाली यावा. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत असली तर पाणी पुरेसे झाले. इथे ८०० ग्रॅम, म्हणजे ठीक. वजन वाढले असेल तर पाणी जास्त प्यायले, आणि तेही धोक्याचे.

'अभ्यासे सेवनी विष पडे', म्हणजे सवयीने विषही पचते. धावताना खायचे साखरेचे जेल पहिल्यांदा खाणाऱ्याला हे अगदी पटेल! ३० किमीच्या पुढे पाय जड होतात त्याचे मोठे कारण म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा संपत आलेला असतो. धावताना खाऊन तो लांबवता येतो, पण पोटाला तेही शिकवावे लागते. लांब धावेत तासाला ३० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात करा आणि हळूहळू ४५ ते ६० पर्यंत न्या. एका जेलमध्ये साधारण २५ ग्रॅम असतात, चार साध्या खजुरांतही जवळपास तेवढेच. आकडा: तासाला किती ग्रॅम, आणि पोट कसे होते. शर्यतीच्या दिवशी नवा जेल नको.

उठावेसेच वाटत नाही त्या सकाळी समर्थांचे 'केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे'. त्याचा नियम असा: बूट घालून दहा मिनिटे संथ धावा, मग ठरवा. दहा मिनिटांनंतरही अंगात काही नसेल तर परत या आणि '१० मि., परत' अशी नोंद करा. ती हार नव्हे, माहिती आहे. मात्र ताप असेल, छातीत कफ असेल किंवा सकाळची नाडी नेहमीपेक्षा ७-८ ठोक्यांनी जास्त असेल, तर ही ओळ त्या दिवसापुरती रद्द.

शेवटच्या तीन आठवड्यांच्या पानांवर 'पी हळद नि हो गोरी' लिहून ठेवा. बुडालेल्या धावा भरून काढायला शेवटच्या दहा दिवसांत २८ किमी मारण्याची खुमखुमी येते. त्या धावेचा फायदा शर्यतीपर्यंत अंगी लागत नाही, थकवा मात्र लागतो. अंतर टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणा, थोडा वेग ठेवा, धावण्याचे दिवस तेवढेच.

आणि शर्यतीच्या पानावर 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग'. पहिले ५ किमी मुद्दाम किलोमीटरला १० सेकंद हळू धावा, म्हणजे ६:३४ ने. एकूण ५० सेकंद जातील. ती उरलेल्या ३७ किमीत भरून काढायला किलोमीटरला दीड सेकंदही लागत नाही. उलट गर्दीच्या भरात पहिले १० किमी ६:०० ने काढले तर ४ मिनिटे कमावल्यासारखी वाटतात. पण वेग वाढला की साखर जास्त जळते, आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढाला चालायची वेळ आली की ती चारही मिनिटे दोन-तीन किलोमीटरमध्येच संपतात. अर्ध्या अंतराला घड्याळात २ तास १५ मिनिटे किंवा मिनिटभर जास्त दिसले पाहिजे. हा आकडा मनगटावर पेनने लिहा, डायरी तेव्हा घरी असेल.