बांधकामाचे पैसे: स्वीप-इन एफडीत ठेवावेत की बचत खात्यातच?

प्रश्न: नागपूरला बेसा भागात घराचं बांधकाम काढतोय. बचत खात्यात साडेचार लाख पडून आहेत. ठेकेदाराला महिन्याभरात एक लाख, तीन महिन्यांनी एक लाख आणि आठेक महिन्यांनी स्लॅब-फिनिशिंगचे दोन लाख द्यायचेत. बँकेत म्हणतात स्वीप-इन एफडी करा, 6.25 टक्के मिळेल आणि पैसे कधीही काढता येतील. खरंच फायदा आहे का?

उत्तर:

फायदा आहे, पण 6.25 टक्क्यांचा नाही. तुमच्या शेवटच्या दोन लाखांवर तो चांगला मिळेल, मधल्या लाखावर थोडा, आणि महिन्याभरात जाणाऱ्या लाखावर जवळपास काहीच नाही. असं का होतं ते आधी समजून घ्या. मग कुठल्याही बँकेचा दर समोर आला तरी हिशोब तुमचा तुम्हालाच करता येईल.

स्वीप-इन एफडी म्हणजे बचत खात्याला जोडलेली एफडी, खात्यात पैसे कमी पडले की तिच्यातून भरून निघतात. काउंटरवर सांगितलेला दर हा एफडी पूर्ण मुदत राहिली तर मिळणारा दर असतो. स्वीपमधली एफडी साधारणपणे एक वर्षाची किंवा त्याहून जास्त मुदतीची काढली जाते, म्हणून 6.25 चा आकडा ऐकू येतो. तुम्ही मध्येच पैसे काढले की बँक तेवढी एफडी मोडते. मग ती एफडी प्रत्यक्षात जितके दिवस राहिली, तितक्या मुदतीसाठी एफडी काढल्या दिवशी जो दर होता तो लागू होतो. त्यातून बऱ्याच बँका मुदतपूर्व मोडल्याबद्दल आणखी अर्धा ते एक टक्का कापतात. काही बँका स्वीपसाठी ही कपात करत नाहीत, म्हणून हे आधीच विचारून घ्यावं. सात दिवसांच्या आत मोडलेल्या रकमेवर तर व्याजच मिळत नाही.

बचत खात्याचं गणित यापेक्षा सरळ आहे. 1 एप्रिल 2010 पासून व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जातं. महिन्याच्या दहा तारखेनंतरची सर्वात कमी शिल्लक धरण्याची जुनी पद्धत तेव्हाच संपली, तरी दहा तारखेच्या आत पैसे भरण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. दर मात्र कमी आहे. स्टेट बँकेसह अनेक मोठ्या बँकांनी जून 2025 मध्ये तो 2.5 टक्क्यांवर आणला.

आता तुमचाच हिशोब घेऊ. साडेचार लाखांपैकी 50,000 रुपये बचत खात्यात राहू द्या, चार लाख एफडीत. दर मी समजण्यापुरते धरतो: 7 ते 45 दिवसांना 3 टक्के, 46 ते 179 दिवसांना 5, 180 दिवसांपासून वर्षाच्या आतपर्यंत 5.75, वर्षाला 6.25, आणि मोडल्यास अर्धा टक्का कपात. तुमच्या बँकेच्या वेबसाइटवरचे दर यांच्या जागी टाका. चक्रवाढीचा किरकोळ फरक इथे सोडून दिला आहे.

पहिला लाख 30 दिवस राहिला. त्याचा दर 3 वजा अर्धा म्हणजे 2.5 टक्के, व्याज 205 रुपये. बचत खात्यातही नेमके 205 च मिळाले असते. दुसरा लाख 90 दिवस राहिला, दर 4.5 टक्के, व्याज 1,110. बचत खात्यात त्याचे 616 झाले असते. शेवटचे दोन लाख 240 दिवस राहिले, दर 5.25 टक्के, व्याज 6,904. बचत खात्यात 3,288. एकूण स्वीपमध्ये 8,219 आणि बचत खात्यात 4,110. बँकेने सांगितलेल्या 6.25 टक्क्यांनी सगळं मोजलं तर 10,274 व्हायला हवे होते. म्हणजे जास्तीचे जवळपास सहा हजार मिळतील असं मनात धरून तुम्ही सही कराल आणि हातात येतील चार हजार. ते सोडून द्यावेत असं मुळीच नाही, फक्त आकडा खरा माहीत असावा.

तुमच्या बाबतीत तिसरा पर्यायही आहे, आणि तो बँकेतून सहसा कोणी सुचवत नाही. तुम्हाला पैसे कधी लागणार हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. मग पहिला लाख बचत खात्यातच ठेवा, एक लाखाची 90 दिवसांची साधी एफडी करा आणि दोन लाखांची 240 दिवसांची. एफडी मुदतीपर्यंत राहिली की कपात लागत नाही, त्यामुळे दर पूर्ण 5 आणि 5.75 मिळतात. व्याज होतं 205, 1,233 आणि 7,562, एकूण 9,000. स्वीपपेक्षा 781 रुपये जास्त.

पण बांधकाम तारखेबरहुकूम चालत नाही हे तुम्हीही जाणता. रेती मिळाली नाही, पावसाळा मध्ये आला, की स्लॅब पुढे जातो. कधी ठेकेदार सळईचे भाव वाढताहेत म्हणून आधीच पैसे मागतो. म्हणून मी तुमच्या जागी तीन महिन्यांनी लागणारा लाख स्वीपमध्ये ठेवीन, कारण त्याची तारीख मागेपुढे होऊ शकते आणि तिथला फरक सव्वाशे रुपयांच्या आतबाहेरच आहे. शेवटच्या दोन लाखांची मात्र साधी एफडी करीन, तीही एक-एक लाखाच्या दोन पावत्यांत. आधी गरज पडली तर एकच मोडेल.

करायला जाल तेव्हा एक गोष्ट नीट विचारा. स्वीप या नावाखाली दोन वेगळ्या सोयी असतात. एकीत बचत खात्यात ठरावीक रकमेच्या वर पैसे गेले की जास्तीची रक्कम आपोआप एफडीत जाते. दुसरीत एफडी तुम्ही स्वतः काढायची आणि बचत खात्याला जोडायची. खात्यात पैसे कमी पडले की त्या एफडीतून भरून निघतात, पण नवे जमा झालेले पैसे आपोआप एफडीत जात नाहीत. बऱ्याच ठिकाणी स्वीप-इन म्हणतात ती ही दुसरी सोय असते. ग्राहकाला वाटतं सगळे पैसे एफडीत गेले असतील, आणि सहा महिन्यांनी कळतं की ते 2.5 टक्क्यांवरच पडून होते. त्यामुळे सोय सुरू केल्यावर आठवडाभरात नेट बँकिंगमध्ये ठेवींच्या यादीत जाऊन एफडी खरंच तयार झाली का, हे बघा. बचत खात्याच्या पासबुकात ती रक्कम फक्त वजा झालेली दिसते, एफडीचा तपशील तिथे नसतो.

लगेच दुसरं विचारा: एफडी मोडताना किती रकमेच्या पटीत मोडते? काही बँकांत हजाराच्या पटीत, काहींत अगदी रुपयाच्या हिशोबाने, तर काहींत पूर्ण पावतीच मोडते. 40,000 कमी पडल्यावर दोन लाखांची पूर्ण पावती मोडली, तर उरलेल्या 1,60,000 चे झालेले दिवसही वाया गेले. अशी बँक असेल तर लहान-लहान पावत्या करणं हाच उपाय.

तिसरा प्रश्न मोडण्याच्या क्रमाचा. स्वीपच्या खात्यात पगारही येत असेल तर याला महत्त्व येतं. लिफो म्हणजे शेवटी काढलेली एफडी आधी मोडते, फिफो म्हणजे सर्वात जुनी आधी. समजा पगारातले काही पैसे एक तारखेला आपोआप एफडीत गेले आणि पाच तारखेला हप्त्यासाठी 30,000 कमी पडले. लिफो असेल तर चार दिवसांची नवी एफडी मोडेल, व्याज शून्य, आणि बचत खात्याच्या मानाने नुकसान आठ रुपयांचं. फिफो असेल तर अकरा महिने राहिलेली जुनी एफडी मोडेल. तिला महिनाभराने 6.25 टक्के मिळणार होते, आता 5.25 मिळतील, 30,000 वर सुमारे 275 रुपये गेले. दर महिन्याला हेच होत राहिलं तर कुठलीच एफडी वर्ष पूर्ण करत नाही. काही बँका क्रम निवडू देतात. तिथे लिफो मागून घ्या. आणि हप्ते, वीजबिल, किराणा यांना पुरेल एवढी रक्कम बचत खात्यात राहील अशी मर्यादा ठेवा, म्हणजे महिन्याच्या खर्चासाठी एफडीला हातच लागणार नाही.

कराचा भाग तुमचा निर्णय बदलू शकतो. जुन्या करपद्धतीत साठ वर्षांखालच्या व्यक्तीला बचत खात्याच्या व्याजावर वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, एफडीच्या व्याजावर नाही. स्वीपमधली रक्कम एफडीच समजली जाते. तुम्ही जुन्या पद्धतीत 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर बचत खात्याचे 4,110 पूर्ण तुमचे राहतील (बाकी खात्यांचं व्याज धरून दहा हजारांच्या आत असेल तर), आणि स्वीपच्या 8,219 पैकी उपकरासह 31.2 टक्के जाऊन 5,655 उरतील. चार हजारांचा फायदा दीड हजारावर येतो. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही, दोन्ही व्याजं सारखीच करपात्र, त्यामुळे तिथे स्वीपचं पारडं जडच राहतं. साठीच्या पुढच्यांना जुन्या पद्धतीतली 50,000 पर्यंतची वजावट एफडीलाही लागू होते, शिवाय एफडीवर बहुतेक बँका त्यांना अर्धा टक्का जास्त देतात, म्हणून त्यांनी पैसे बचत खात्यात पडू देण्याचं काही कारण नाही. टीडीएसची काळजी या रकमेवर करू नका. एप्रिल 2025 पासून एका बँकेतल्या ठेवींचं वर्षाचं व्याज 50,000 च्या वर गेलं तरच तो कापला जातो, ज्येष्ठांसाठी एक लाखाच्या वर.

जास्त व्याजासाठी कोणी पतसंस्थेचं नाव सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा: बँकेत, सहकारी बँकेतही, बचत आणि एफडी मिळून पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे. तुमचे साडेचार लाख त्यात बसतात. पतसंस्थेला हे संरक्षण नाही.

ठेकेदाराला चेक द्यायचा असेल किंवा आरटीजीएस करायचं असेल, तर स्वीपवर विसंबून त्याच दिवशी मोठी रक्कम पाठवू नका. आदल्या दिवशी नेट बँकिंगमधून हवी तेवढी एफडी स्वतः मोडा आणि रक्कम बचत खात्यात आलेली बघा. एका दिवसाचं व्याज दहा-पंधरा रुपये जाईल, पण चेक परत आला तर त्याचा दंड त्याच्या कितीतरी पट असतो. पहिल्यांदा एफडी मोडली की जमा झालेलं व्याज ताडून पाहा: मोडलेली रक्कम गुणिले दर गुणिले दिवस, भागिले 36,500. उत्तर जुळलं नाही तर बँकेला कोणता दर लावला आणि कपात किती केली हे लेखी विचारा, म्हणजे उरलेल्या पावत्यांचं काय करायचं ते तुम्हाला वेळेत ठरवता येईल.