अर्धे पैसे दिले, तर मोल्ड कोणाचा?

प्रश्न: विरारला माझा छोटा उद्योग आहे. पंपाच्या कंट्रोलरसाठी प्लास्टिकचा डबा बनवून घ्यायचाय. वापीचा मोल्डर म्हणतो, मोल्डचे अर्धे पैसे आता द्या, उरलेले मी पार्टच्या रेटमध्ये लावून घेतो. मग मोल्ड कोणाचा? लिहून काय घ्यावं?

उत्तर:

काहीच लिहून घेतलं नाहीत, तर व्यवहारात मोल्डरचाच. मोल्ड त्याच्या शेडमध्ये, त्याच्या रॅकवर, आणि तुमच्याकडे फक्त पैसे दिल्याची पावती. भोसरीत मी नेमका असाच व्यवहार केला आणि त्यात पोळलो, म्हणून आकड्यांसकट सांगतो.

टू-कॅव्हिटी मोल्ड, किंमत ४,८०,०००. निम्मे, म्हणजे २,४०,००० मी आधी दिले. उरलेले २,४०,००० साठ हजार नगांवर पसरायचे, म्हणजे नगामागे ४ रुपये. पार्टचा मूळ रेट ११.५०, तर पीओवर आम्ही १५.५० लिहिलं. एकच आकडा. चूक तिथेच झाली. मोल्डचे पैसे फिटले की रेट ११.५० वर यायला हवा, हे दोघांच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. माझ्या लक्षात आलं तोवर ८५,००० नग उचलून झाले होते. म्हणजे २५,००० नगांवर चार-चार रुपये, एकूण एक लाख जास्तीचे गेले.

मी फोन केला तर समोरून उत्तर आलं, "साहेब, साठ हजार शॉट ठरले होते." टू-कॅव्हिटी म्हणजे एका शॉटमध्ये दोन नग. ८५,००० नग म्हणजे त्याच्या हिशेबाने ४२,५०० शॉट, अजून साडेसतरा हजार बाकी! कोटेशनमध्ये नुसतं "६०,०००" होतं. नग की शॉट, ते नव्हतं. तो खोटं बोलत होता असं आजही म्हणवत नाही. मोल्डर माणूस शॉटमध्येच मोजतो.

म्हणून पहिली गोष्ट. पीओवर दोन ओळी वेगळ्या घ्या. एक पार्टचा रेट, दुसरी "टूलिंग वसुली, ४ रुपये, पहिल्या ६०,००० स्वीकृत नगांपर्यंत". "स्वीकृत" हा शब्द सोडू नका, नाहीतर रिजेक्ट झालेल्या मालाचा वाद उरतो. दर बिलावरही त्या दोन ओळी तशाच येऊ द्या आणि खाली आजवरचे एकूण नग लिहायला लावा.

त्याच कागदावर मध्येच थांबायचं झालं तर काय, तेही ठरवा. समजा ३५,००० नगांवर तुमचा धंदा थंडावला. २५,००० नग राहिले, गुणिले चार, एक लाख. तेवढे भरले की मोल्ड तुमचा, कधी न्यायचा तो दिवसही ठरलेला. मोल्डरची बाजूही बघा. त्याचे जवळपास अडीच लाख तुमच्या ऑर्डरच्या भरवशावर अडकतात, त्यामुळे "अठरा महिन्यांत साठ हजार उचला, नाहीतर उरलेले रोख द्या" असं तो म्हणाला तर ते रास्त आहे. ही वसुली फुकटही नसते. व्याज तो कुठेतरी धरतोच, बहुतेक वेळा मोल्डच्याच किमतीत. आधी सगळे रोख दिले तर किती, आणि अर्धे-अर्धे केले तर किती, असे दोन भाव मागा. जमत असेल तर माझं मत रोखीच्या बाजूने, कारण मालकीचा प्रश्न तिथेच मिटतो.

आता मालकी. डिलिव्हरी लांबायला लागली तेव्हा मी मोल्ड मागितला. त्याने माझीच बिलं पुढे केली. त्यावर होतं "टूल डेव्हलपमेंट चार्जेस". म्हणजे मी डेव्हलपमेंटची सेवा घेतली होती, वस्तू विकत घेतलीच नव्हती. बिल "इंजेक्शन मोल्ड, एचएसएन ८४८०" असंच हवं, नग एक, सोबत ड्रॉइंग नंबर. त्यावरच तो तुमच्या खात्यात मालमत्ता म्हणून चढतो. शिवाय मोल्डवर तुमच्या कंपनीचं नाव आणि मोल्ड नंबर कोरून घ्या. स्टिकर नको, कोरलेलंच. फोटो काढून ठेवा.

शेवटी साठ हजार रुपये देऊन प्रकरण मिटवलं आणि टेम्पो घेऊन गेलो. हातात आलं काय, तर कोर आणि कॅव्हिटीचे इन्सर्ट, म्हणजे नगाला आकार देणारे आतले भाग, दोन माणसांनी उचलावेत एवढे. ते ज्यात बसतात ती बाहेरची चौकट, म्हणजे मोल्ड बेस, त्याचा सामायिक होता, इतर गिऱ्हाइकांचे इन्सर्टही तो त्यातच बसवायचा. असं करणं गैर नाही, मोल्ड स्वस्त पडतो तो त्यामुळेच. पण नुसते इन्सर्ट दुसऱ्या मशीनवर चढत नाहीत. नवा बेस करावा लागला, त्यात वेळ गेला तो वेगळाच. म्हणून कोटेशन घेतानाच विचारा: बेस, इजेक्टर प्लेट, हॉट रनर असेल तर तो आणि त्याचा कंट्रोलर, यातलं किमतीत काय काय आहे? टूलची थ्री-डी फाइलही त्यातच मागा. पुढे इन्सर्ट मोडला तर तिच्यावाचून नवा करणं अवघड जातं.

तुमचा मोल्डर वापीचा आहे, म्हणून एक खास गोष्ट. मोल्ड तो गुजरातेत बनवणार आणि तिथेच ठेवून चालवणार. माल हललाच नाही, तर जीएसटीत पुरवठ्याचं ठिकाण गुजरात धरलं जातं आणि बिलावर आयजीएसटी न लागता तिथला सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल, तर ते क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. ४,८०,००० वर १८ टक्के, म्हणजे ८६,४०० रुपये. काही जण मोल्ड आयजीएसटीच्या बिलावर आधी आपल्या कारखान्यात आणतात आणि मग चलनावर मोल्डरकडे पाठवतात. तुमच्या बाबतीत काय बसेल, ते बिल फाटण्याआधी सीएला विचारा, नंतर नको. चलन असण्याचा आणखी एक फायदा: मोल्ड तुमचा आहे आणि त्याच्याकडे फक्त कामासाठी ठेवलाय, याचा तो पुरावा असतो.

कोटेशनच्या मागच्या बारीक अक्षरांत "येणं बाकी असेपर्यंत मोल्ड रोखून ठेवण्याचा हक्क" असं काही आहे का, ते वाचा. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम १७१ प्रमाणे एकूण बाकीपोटी वस्तू अडवून धरायचा हक्क बँकांसारख्या मोजक्यांनाच आपोआप मिळतो, बाकीच्यांना तो करारात लिहून घ्यावा लागतो. म्हणजे तुम्ही सही केलीत तरच तो त्याला मिळेल. ती ओळ काढायला तयार नसेल, तर निदान "फक्त टूलिंगच्या बाकीपुरता" इतका तो हक्क आटोक्यात आणा.

देखभालीचं थोडक्यात: साफसफाई, ग्रीस, इजेक्टर पिन असली रोजची कामं त्याची, झीज होऊन कॅव्हिटी बदलायची वेळ आली तर खर्च तुमचा, आणि क्लॅम्पिंगमध्ये आपटून फुटली तर त्याचा. स्टीलचा ग्रेड आणि किती शॉटची हमी, तेही लिहून घ्या. मोल्ड परत घेताना शेवटच्या शॉटचे नग रनरसकट मागा आणि पाण्याच्या लाइन हवा मारून कोरड्या करून घ्या. माझ्या इन्सर्टमध्ये पाणी तसंच राहिलं होतं. नव्या मोल्डरने उघडून दाखवलं, तर आतून तांबडा गंज.