आठवड्याच्या अंतराची मर्यादा आधी ठरवावी

प्रश्न: मी आठवड्यातून चार दिवस धावतो, एकूण २० किमी. हाफ मॅरेथॉनसाठी दर आठवड्याला १० टक्के अंतर वाढवायचे ठरवले आहे. हे किती आठवडे चालवावे आणि कुठे थांबावे? १५ टक्के चालतील का?

चार दिवसांत ४० किमीच्या आसपास थांबावे, आणि ही मर्यादा टक्का निवडण्यापूर्वीच लिहून ठेवावी. या मुद्द्यावर माझा आमच्या धावण्याच्या गटातील मार्गदर्शकांशी जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यांनी आम्हा सर्वांना एकच तक्ता दिला होता. २० पासून सुरुवात आणि दर आठवड्याला १० टक्के वाढ. शेवट कुठे, हे मात्र त्यात कुठेही नव्हते. हा तक्ता सुरुवातीला अगदी निरुपद्रवी वाटतो, कारण दुसऱ्या आठवड्यात फक्त २ किमी वाढतात आणि आठव्या आठवड्यात आपण ३९ किमीवर पोहोचतो. पण वाढ चक्रवाढीने होत असल्यामुळे पुढच्या पाचच आठवड्यांत ६३ किमी होतात, आणि त्यातील शेवटची वाढ एकट्या आठवड्यात जवळजवळ ६ किमीची असते. दिवस तेच चार राहिले, तर ही भर प्रत्येक धावेतच घालावी लागते.

मी ४० वर थांबलो. तीन दिवस प्रत्येकी ८ किमी आणि एका दिवशी १६ किमीचा लाँग रन, असा माझा हिशेब होता. हाफ मॅरेथॉनसाठी तेवढे पुरते, आणि कोणतीही एक धाव बाकीच्यांच्या मानाने अवाढव्य होत नाही. मार्गदर्शकांनी याला शिस्तभंग म्हटले. माझा एक सोबती मात्र तक्त्याप्रमाणे पुढे गेला. पन्नाशी ओलांडल्यावर त्याच्या नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागले. आधी ते दुखणे लांबवर पसरलेले होते आणि धावताना अंग गरम झाले की कमी होत असे. नंतर ते एका जागी आले, बोटाने दाबले की तिथेच कळ येई, आणि त्या एका पायावर उडी मारणे त्याला अशक्य झाले. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, तसे सुरुवातीला बरेचदा दिसतही नाही. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. मार्गदर्शकांनी दोष बुटांना दिला.

मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुने हाड थोडे झिजवते आणि त्या जागी नवे हाड नंतर भरते. त्यामुळे मधले काही आठवडे ते हाड उलट कमकुवत असते, आणि हे संपूर्ण चक्र पुरे व्हायला काही महिने लागतात. दम आणि हृदय त्या मानाने फार लवकर तयार होतात, म्हणून धावणाऱ्याला आपण अजून वाढवू शकतो असे प्रामाणिकपणे वाटत असते. थांबा न लिहिलेला तक्ता नेमक्या याच काळात भार वाढवत राहतो.

टक्क्याबद्दल बोलायचे, तर १० या आकड्यात काही पवित्र नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे ५३२ नवख्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १० टक्क्यांच्या बेताने वाढवलेला १३ आठवड्यांचा कार्यक्रम आणि झपाट्याने वाढवलेला ८ आठवड्यांचा कार्यक्रम यांची तुलना केली होती. दोन्ही गटांत सुमारे पाचात एकाला दुखापत झाली. मात्र ते नवखे होते आणि त्यांची अंतरे लहान होती, त्यामुळे ४० किमीच्या वरच्या धावण्याला तो निष्कर्ष लावू नये. १५ टक्क्यांनी आपण सहाव्याच आठवड्यात ४० वर पोहोचाल, म्हणजे दोन आठवडे वाचतील. माझ्या मते त्यासाठी घाई करू नये. त्याऐवजी आठवड्याची वाढ ३ किमीपेक्षा अधिक नको, अशी दुसरी अट जोडावी, कारण १० टक्के लहान अंतराला उगाच भित्रे आणि मोठ्या अंतराला बेफाम ठरतात.

दर चौथ्या आठवड्यात अंतर थोडे कमी करावे, आणि पुढची वाढ त्या कमी केलेल्या आठवड्यावरून न मोजता त्याच्या आधीच्या आठवड्यावरून मोजावी. आजारपणामुळे दोन-तीन आठवडे बुडाले असतील, तर मात्र प्रत्यक्ष धावलेल्या अंतरावरूनच मोजावे. तक्त्यातील रकाना गाठण्यासाठी उडी घेऊ नये.

४० हा आकडा चार दिवसांचा आहे, हेही सांगितले पाहिजे. तिथे महिना-दीड महिना न दुखता टिकलात आणि अधिक हवे असेल, तर पाचवा दिवस ५ किमीच्या संथ धावेने सुरू करावा आणि बाकीचे चार दिवस तसेच ठेवावेत. आमच्या मार्गदर्शकांना मी हेच सुचवले होते. पाचवा दिवस म्हणजे विश्रांतीची चोरी, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्याच चार दिवसांत ६३ किमी कोंबले, तर प्रत्येक धाव सरासरी १६ किमीची होते, म्हणजे माझा लाँग रन आठवड्यातून चार वेळा. विश्रांतीच्या बाजूने बोलणाऱ्याने तरी तो तक्ता द्यायला नको होता.