वर्तमानपत्री कागदावरच्या बारीक नोटिशींसाठी कोणता फॉन्ट घ्यावा?

प्रश्न: आमचं कुडाळमधलं छोटं साप्ताहिक आहे. जमिनीच्या जाहीर नोटिसा आठ पॉइंटात छापतो. स्वस्त वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते आणि अक्षरं भरून जातात. बोल्ड केलं तर आणखी वाईट दिसतं. कोणता फॉन्ट वापरू?

उत्तर:

बोल्ड काढून टाका, पहिलं काम तेच. हा कागद शाई ब्लॉटिंगसारखी शोषतो, त्यामुळे प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी फुगते. आठ पॉइंटात अक्षराच्या पोटातली पांढरी जागा मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढीच असते. समजा शाई प्रत्येक कडेला ०.०५ मिमी पसरली, तर दोन्ही कडांची मिळून ०.१ मिमी जागा गेली, म्हणजे पोटाचा तिसरा हिस्सा. बोल्डमध्ये ही जागा मुळातच कमी असते, म्हणून ती आधी बुजते. उलट फार बारीक रेघांचा फॉन्टही चालत नाही. खरबरीत कागदावर त्या रेघा तुटतात. हवा तो मधला: रेघांची जाडी सगळीकडे जवळपास सारखी, पोटं मोठी आणि अक्षरांच्या फटी उघड्या.

देवनागरीत हे नुसतं दिसण्याचं राहत नाही, अक्षरच बदलतं. ‘व’चं पोट भरलं की ‘ब’ वाटतो. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावर शिरोरेघ तुटलेली असते. ती फट बुजली की ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो. ‘प’ भरला की ‘ष’सारखा दिसतो. भाटकरांची नोटीस माटकरांच्या नावाने वाचली गेली, तर हरकत घेणाऱ्याला आपल्याच जमिनीची नोटीस ओळखू येणार नाही. आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यावर नावांची रांग असते आणि हिस्सा नंबर बारीक, त्यामुळे धोका जास्त. आकड्यांत ‘९’ला जपा, त्याची फट बंद झाली की तो ओझरता ‘१’ वाटतो. ‘८’ उघडाच असतो, त्याची काळजी नको.

म्हणून फॉन्ट निवडताना नमुन्याला ‘अआइई’ टाकू नका. ही ओळ टाका:

मौजे वेताळ बांबर्डे, सर्व्हे नं. १९, हिस्सा नं. ९, भाटकर, धुरी, घाडी, पाष्टे

यात वर सांगितलेल्या सगळ्या जोड्या आल्या. आता इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही ओळ आठ पॉइंटात घ्या आणि अक्षरांना त्याच काळ्या रंगाची ०.३ पॉइंटाची बाह्यरेषा द्या. तिचा अर्धा भाग अक्षराबाहेर जातो, म्हणजे प्रत्येक कडेला सुमारे ०.०५ मिमी, शाई पसरण्याची ढोबळ नक्कल झाली. लेझर प्रिंट काढा आणि पेपर धरतो तेवढ्या अंतरावरून वाचा. बाह्यरेषेशिवायची प्रिंट पाहून ठरवू नका, झेरॉक्सच्या कागदावर सगळेच फॉन्ट स्वच्छ दिसतात. ही बाह्यरेषा फक्त चाचणीपुरती, छपाईच्या फाइलीत ती राहू देऊ नका.

माझी पसंती Mukta Regular ला. रेघ एकसारखी, पोटं मोकळी, फुकट मिळतो. Hind Regular सुद्धा घेऊन पाहा. Tiro Devanagari Marathi मला फार आवडतो, पण त्यातला जाड-बारीक रेघांचा फरक पुस्तकाच्या मजकुरात शोभतो. या कागदावर आठ पॉइंटात मी तो वापरणार नाही. ‘जाहीर नोटीस’ हे शीर्षक बारा-चौदा पॉइंटात बोल्ड असायला हरकत नाही.

आठवरून साडेआठ पॉइंट जमत असेल तर जरूर करा, आणि ओळींमधलं अंतर अकरा पॉइंट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला चिकटतो. अक्षरांमध्ये अंतर वाढवून मोकळीक आणू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटतो. नोटिशीमागे करडी पट्टी नको, काळ्यावर पांढरी अक्षरं तर मुळीच नकोत, त्यात शाई अक्षरावरच चाल करून येते. मजकूर फक्त काळ्या शाईत असू द्या. चार रंग मिसळून काळा केला तर पावसाळ्यात ओलावा धरलेला कागद हलतो, रंग जागेवर बसत नाहीत आणि प्रत्येक अक्षराला सावली येते.

शेवटी प्रेसवर सुरुवातीची प्रत हातात घेऊन भिंगातून ‘व’ बघा. फक्त नोटिशीतले ‘व’ भरले असतील तर दोष फॉन्टचा किंवा आकाराचा. त्याच पानावर मोठ्या बातमीतलीही अक्षरं फुगलेली असतील तर मशिनवर शाई जास्त सुटते आहे. मग फॉन्ट बदलत बसू नका, मशिनवाल्याला शाई कमी करायला सांगा आणि पुढची प्रत पुन्हा भिंगाखाली धरा.