हरात्मक, गुणोत्तर, समांतर आणि वर्गमध्य यांचा चढता क्रम काय, आणि बरोबरी नेमकी कधी होते?

तुम्ही ज्या ओळीने नावं लिहिलीत, तोच चढता क्रम: H ≤ G ≤ A ≤ Q. 2 आणि 8 घेऊन बघा: 3.2, 4, 5 आणि √34, म्हणजे साधारण 5.83.

दोन धन संख्यांसाठी पाठांतर लागतच नाही. A − G = (√a − √b)²/2 आणि Q² − A² = ((a − b)/2)². उरला H. दोन संख्यांसाठी AH = G², म्हणून H/G = G/A, आणि ते 1 पेक्षा मोठं होत नाही. तिन्ही ठिकाणी बरोबरी फक्त a = b असताना. संख्या कितीही असल्या तरी बरोबरीची अट तीच: सगळ्या सारख्या.

इथवर कुणाचंच दुमत नसतं. पण "सगळ्या सारख्या" हे शेपूट उत्तराला चिकटवलं की काम झालं असं मानणारे फार आहेत, शिकवणाऱ्यांतसुद्धा, आणि ते मला मुळीच पटत नाही. बरोबरीची अट दिलेल्या बंधनात बसते का, हे तपासल्याशिवाय किमान किंमत सापडलेली नसते.

उदाहरण घ्या. a, b धन, a + b = 1. ab + 1/(ab) ची किमान किंमत काढा. घाईत A ≥ G लावला की 2 येतं. असमानता खरी आहे, उत्तर चूक आहे. इथे "सारख्या" व्हायला हव्यात त्या ab आणि 1/(ab) या दोन राशी. a आणि b नव्हेत. त्यासाठी ab = 1 लागेल. पण G ≤ A वरून √(ab) ≤ 1/2, म्हणजे ab कधी 1/4 च्या वर जातच नाही.

मग करायचं काय? टोक a = b = 1/2 वर असावं असा अंदाज येतो. तिथे ab = 1/4 आणि 1/(ab) = 4, म्हणजे दुसरी राशी सोळापट. म्हणून तिचा सोळावा हिस्सा वेगळा काढा:

ab + 1/(16ab) + 15/(16ab)

पहिल्या दोन पदांना A ≥ G लावा, 1/2 मिळतं आणि बरोबरी ab = 1/4 ला येते. तिसरं पद ab ≤ 1/4 मुळे किमान 15/4, बरोबरी पुन्हा तिथेच. बेरीज 17/4. दोन्ही पायऱ्यांची बरोबरी एकाच जागी आली, म्हणून ही किंमत खरोखर मिळते. त्या दोन वेगवेगळ्या जागी आल्या असत्या, तर हातात नुसती खालची मर्यादा राहिली असती.

एक राहिलंच. वरचं सगळं धन संख्यांसाठी. शून्य आलं की H ची व्याख्याच मोडते. A ≤ Q मात्र ऋण संख्यांनाही चालतं, फक्त तिथे "सारख्या" एवढं पुरत नाही: −3 आणि −3 चा A आहे −3, Q आहे 3.